दिवसा एक्सेल, रात्री गेम: पॅनेल निवडताना नेमकं काय बघायचं

प्रश्न: "मालाडला वन बीएचकेमध्ये राहतो. दिवसा आठ-नऊ तास घरून काम, बहुतेक एक्सेल आणि मेल. रात्री दोन-तीन तास गेम, थोडा व्हॅलोरंट आणि बाकी अंधारातले स्टोरी गेम. २७ इंची १४४०पी मॉनिटर घ्यायचाय, जुना २४ इंची आयपीएस विकून टाकणार. दुकानात आयपीएस, व्हीए, ओलेड सगळ्यांच्या खोक्यावर १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी लिहिलंय. ओलेडचा काळा बघून मन तिकडेच गेलं, पण बर्न-इनची भीती वाटते. टेबल साडेतीन फुटी आहे आणि खिडकी माझ्या पाठीमागे येते. काय घेऊ?"

उत्तर:

जुना २४ इंची आत्ताच विकू नका. तो विकून फार पैसे येणार नाहीत, आणि ओलेड घ्यायचा की नाही हे बरंचसं त्याच्यावरच ठरणार आहे. कसं, ते पुढे हिशोबासकट सांगतो.

मी लॅमिंग्टन रोडवर बावीस वर्षं मॉनिटर दुरुस्तीचं काम करतोय. आधी जाड ट्यूबवाले, मग टीएन पॅनेल, मग आयपीएस आणि व्हीए, आणि आता गेल्या काही वर्षांत ओलेडही टेबलावर यायला लागलेत. तुमच्यासारखा वापर असलेली माणसं माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात, आणि पस्तावणारीही त्यांच्यातच जास्त असतात. कारण तुमचे दिवसाचे नऊ तास आणि रात्रीचे तीन तास मॉनिटरकडून उलट गोष्टी मागतात. दिवसा स्क्रीन पांढरी, चित्र जागचं हलत नाही आणि खोलीत उजेड. रात्री स्क्रीन काळी, चित्र क्षणभर थांबत नाही आणि खोलीत अंधार. दुकानात तुम्ही बघितलंत ते फक्त रात्रीचं अर्धं.

काही गोष्टी तुमच्या घरावर आणि तुमच्या पीसीवर अवलंबून आहेत. ग्राफिक्स कार्ड कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खिडकीला जाड पडदा आहे का तेही कळत नाही. त्यामुळे जिथे उत्तर बदलेल तिथे तसं सांगत जातो.

आधी काळ्याबद्दल, कारण मन तिथेच गेलंय.

आयपीएस, व्हीए, टीएन हे तिन्ही एलसीडीच. मागे दिवा सतत जळत असतो आणि समोर प्रत्येक ठिपक्याला एक बारीक झडप असते. १४४०पी म्हणजे साधारण ३७ लाख ठिपके. काळा दाखवायचा तर झडप बंद करायची, पण फटीतून थोडा उजेड येतोच. किती येतो यावर कॉन्ट्रास्ट ठरतो. साध्या आयपीएसला १०००:१ च्या आसपास मिळतो, म्हणजे पांढरा २५० निट्सचा असेल तर काळा ०.२५ निट्सचा, निट हे उजेडाचं माप. व्हीएची झडप घट्ट बसते, तिथे ३०००:१ किंवा जास्त मिळतो. टीएन या बाबतीत आयपीएसच्याच पातळीवर आणि बाजूने बघितलं की आणखी वाईट, तुमच्यासाठी तो विषय मी इथेच सोडतो. ओलेडमध्ये मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः देतो आणि काळा म्हणजे ठिपका बंद.

आता हा फरक तुमच्या खोलीत किती उरतो ते बघू. उजेड असलेल्या खोलीत स्क्रीन बाहेरचा थोडा उजेड परत फेकते आणि तो काळ्यावर चढतो. समजा तो परतलेला उजेड १ निट आहे. ट्यूबलाइट लावलेल्या घरात एवढा सहज असतो. मग आयपीएसचा काळा ०.२५ नसून १.२५ होतो आणि कॉन्ट्रास्ट १००० वरून थेट २०० वर येतो. व्हीएचा २३० च्या आसपास. ओलेडचा काळा शून्याचा १ होतो, म्हणून २५०. अंधारात जो फरक जमीन-अस्मानाचा होता, तो उजेडात २००, २३० आणि २५० एवढाच उरतो. दुकानात ओलेड नेहमी आतल्या काळोख्या कोपऱ्यात का मांडलेला असतो ते यावरून कळेल.

म्हणजे ओलेडचे पैसे तुम्हाला रात्री दिवे मालवून खेळताना वसूल होतात. घरी कुणी त्याच खोलीत झोपत नसेल, दिवे बंद करता येत असतील, तर तो फरक खरा आहे आणि रोज जाणवेल. ट्यूबलाइटखालीच खेळणार असाल तर कॉन्ट्रास्टसाठी ओलेड घेऊ नका.

तुमची खिडकी पाठीमागे आहे, म्हणून एक पोटभेद सांगतो. ओलेडचे बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. एकात पांढरा उजेड देणारे ठिपके आणि त्यावर रंगीत गाळणी असते, त्याला डब्ल्यूओलेड म्हणतात. दुसऱ्यात निळा उजेड क्वांटम डॉटच्या थरातून लाल-हिरवा केला जातो, तो क्यूडी-ओलेड. क्यूडी-ओलेडचे रंग फार सुंदर दिसतात, पण बाहेरून आत शिरलेला उजेड अडवणारा पोलरायझर त्याला पुढे नसतो, त्यामुळे खिडकीचा उजेड पडला की काळा जांभळट-राखाडी दिसायला लागतो. पाठीमागे खिडकी आणि पडदा पातळ असेल तर डब्ल्यूओलेड बघा, किंवा टेबल फिरवून खिडकी डाव्या-उजव्या बाजूला घ्या. टेबल फिरवण्याला पैसे पडत नाहीत, आणि कुठलाही पॅनेल घेतलात तरी त्याचा फायदा होईल.

आता त्या १ मिलिसेकंदाकडे.

रिस्पॉन्स टाइम म्हणजे ठिपक्याला एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा वेळ. एलसीडीत अशा शेकडो जोड्या असतात, काळ्यावरून पांढऱ्यावर, गडद राखाडीवरून जरा कमी गडदवर वगैरे, आणि प्रत्येक जोडीला वेगळा वेळ लागतो. खोक्यावर छापतात ती सगळ्यात वेगवान जोडी, तीही ओव्हरड्राइव्ह सगळ्यात वर ठेवून. आणि कुठे 'एमपीआरटी' असं लिहिलं असेल तर तो आकडा मागचा दिवा लुकलुकवून काढलेला असतो, ठिपक्याच्या वेगाशी त्याचा संबंध नाही. म्हणून तिन्ही खोक्यांवर तुम्हाला सारखाच आकडा दिसला.

एक प्रसंग सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा व्हीएचा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन आला. तक्रार अशी की "जंगलातून पळताना झाडांच्या मागे काळं काहीतरी ओघळतंय, पॅनेल खराब आहे." वॉरंटीत बदलून मिळावा म्हणून माझ्याकडून लिहून हवं होतं. मी काळ्या पार्श्वभूमीवर एक गडद राखाडी चौकोन आडवा फिरवला आणि फोनच्या स्लो-मोशनने, सेकंदाला २४० फ्रेमने, चित्रण केलं. तिथे फोनची एक फ्रेम म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. चौकोन पुढे आल्यावर काळ्याचा गडद राखाडी पूर्ण व्हायला सात फ्रेम लागल्या, म्हणजे २९ मिलिसेकंदांच्या आसपास. १६५ हर्ट्झवर दर ६ मिलिसेकंदांनी नवीन चित्र येतं. म्हणजे एक ठिपका आपला रंग गाठेपर्यंत पुढची जवळजवळ पाच चित्रं येऊन गेलेली. मग तोच चौकोन पांढऱ्यावर काळा करून फिरवला तर दोन फ्रेममध्ये काम झालं. पॅनेल खराब नव्हताच. व्हीए असाच असतो.

असं का होतं तेही सांगतो, कारण यावरून निवड सोपी होते. व्हीएमध्ये वीज नसताना द्रवस्फटिकाचे रेणू काचेला काटकोनात सरळ उभे असतात, म्हणून झडप घट्ट बंद आणि काळा छान. पण गडद छटेसाठी त्यांना अगदी थोडंच कलवायचं असतं, आणि त्यासाठी व्होल्टेजही थोडंच दिलं जातं. जोर कमी असल्यामुळे रेणू रेंगाळतात. पांढऱ्यासाठी मोठं व्होल्टेज मिळतं, तेव्हा तेच रेणू पटकन आडवे होतात. म्हणजे व्हीएचा जो गुण आहे त्याच अंधारात त्याचा दोषही बसलेला आहे. अंधारातले स्टोरी गेम खेळायचे म्हणून लोक व्हीए घेतात, आणि ओघळ सगळ्यात जास्त त्याच गेममध्ये दिसतो. हळू चालणाऱ्या गेममध्ये काहींना तो कधी खटकतही नाही. तुम्ही व्हॅलोरंटही खेळता, म्हणजे तुमचे डोळे वेगाला सरावलेले आहेत. तुम्हाला दिसेल असं मला वाटतं.

ओव्हरड्राइव्ह वाढवून हे सुटत नाही का, असं त्या मुलानेही विचारलं. ओव्हरड्राइव्ह म्हणजे ठिपक्याला क्षणभर गरजेपेक्षा जास्त ढकलणं. फार ढकललं की ठिपका हव्या त्या छटेच्या पुढे जातो आणि हलणाऱ्या वस्तूमागे काळ्याऐवजी फिकट कडा दिसते. त्याच्या मॉनिटरवर मधल्या पायरीला ओघळ थोडा कमी झाला, वरच्या पायरीला झाडांना पांढरट कडा आल्या. शेवटी त्याने मधली पायरी ठेवली आणि मॉनिटर भावाला पिक्चर बघायला दिला.

चांगल्या वेगवान आयपीएसवर बहुतेक बदल ४ ते ६ मिलिसेकंदांत उरकतात आणि मुख्य म्हणजे गडद-फिकट सगळीकडे वेग साधारण सारखा राहतो. त्याचा दोष वेगळा. अंधारात काळा राखाडी दिसतो आणि कोपऱ्यात मंद झाक येते. जोरात फिरतानाही चित्र समजतं, पण गुहेतल्या अंधाराला खोली येत नाही.

ओलेडचा ठिपका एक मिलिसेकंदाच्या बऱ्याच आत बदलतो आणि तिथे सगळ्या जोड्या जवळजवळ सारख्याच वेगाच्या असतात. ओव्हरड्राइव्ह लागतच नाही. याचा एक फायदा लोक कमी बोलतात. स्टोरी गेममध्ये तुमचा फ्रेमरेट कधी ११० तर कधी ६० असा डोलणार. एलसीडीचा ओव्हरड्राइव्ह बहुतेक वेळा वरच्या रिफ्रेशरेटसाठी जमवलेला असतो, फ्रेमरेट खाली आला की कडा दिसायला लागतात. ओलेडमध्ये ती भानगडच नाही.

पण ओलेड घेतला की धूसरपणा गेला, असंही समजू नका. चित्र स्क्रीनवर पुढची फ्रेम येईपर्यंत जागेवर थांबलेलं असतं आणि तुमचा डोळा मात्र लक्ष्यामागे फिरत असतो. त्या फरकानेच चित्र पुसट होतं, ठिपका कितीही वेगवान असो. एखादी वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल सरकतेय असं धरा. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर ती सुमारे १६ पिक्सेल पुसली जाते, २४० असतील तर ४. म्हणजे व्हॅलोरंटसाठी तुमचं कार्ड २०० च्या वर फ्रेम देत असेल तर २४० हर्ट्झच्या ओलेडचं सोनं होईल. कार्ड ९० लाच दमत असेल तर ओलेडच्या वेगाचा अर्धा फायदा खोक्यातच राहील, आणि ते पैसे आधी कार्डात घालणं बरं.

आता बर्न-इन, म्हणजे एकाच जागी राहिलेल्या चित्राची खूण स्क्रीनवर कायमची उमटणं. लोक याला अपघात समजतात, एक दिवस अचानक होणारा. मी त्याला झीज म्हणतो. गिरगावातल्या जुन्या चाळीचा लाकडी जिना आठवा. पायरी सगळी सारखी झिजत नाही, पाय पडतो तिथेच खळगा होतो. ओलेडच्या ठिपक्यांतलं सेंद्रिय द्रव्य जळेल तितकं मंदावतं, निळं सगळ्यात लवकर. सगळी स्क्रीन सारखी मंदावली तर वर्षानुवर्षं कळतही नाही. एक पट्टा शेजारच्यापेक्षा जास्त किंवा कमी जळाला की तो दिसतो. वेग दोन गोष्टींनी वाढतो, ब्राइटनेस आणि उष्णता. ब्राइटनेस दुप्पट केला तर आयुष्य निम्म्याहूनही कमी होतं.

मुलुंडचा एक ट्रेडर माझ्याकडे आला होता, त्याची गोष्ट तुमच्याशी हुबेहूब जुळते. २७ इंची ओलेड, सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन बाजार, रात्री गेम. डावीकडे शेअर्सची यादी, उजवीकडे चार्ट, दोन खिडक्या अर्ध्या-अर्ध्या लावलेल्या. चौदा महिन्यांनी एका गेममध्ये धुक्याचं दृश्य आलं आणि त्याला मधोमध एक उभी रेघ दिसली. मी पूर्ण स्क्रीनवर मध्यम राखाडी लावला. मधली रेघ आजूबाजूपेक्षा उजळ, खाली टास्कबारचा पट्टाही उजळ, आणि डावीकडे आकड्यांच्या रकान्यांच्या जागी पुसट काळसर ओळी. रेघ उजळ का, असं त्याने विचारलं. दोन पांढऱ्या खिडक्यांमधली फट कायम गडद राहिली होती, ते ठिपके कमी झिजले, म्हणून आता तेच ताजे दिसत होते. काळी थीम लावली तर उलटं होतं, उजळ अक्षरांची जागा झिजते.

हिशोब केला. बाजाराचे सव्वासहा तास, वर्षाला साधारण २५० दिवस, म्हणजे वर्षाला दीड हजारांहून जास्त तास तेच चित्र त्याच जागी. ब्राइटनेस १०० वर. मग मी मॉनिटरच्या मेनूत गेलो. त्याच्या मॉडेलमध्ये एकूण वापराचे तास आणि पिक्सेल क्लीनिंग किती वेळा झालं ते दिसतं. तास २३०० च्या वर आणि क्लीनिंग फक्त चाळीसच्या आसपास. दर चारेक तासांच्या वापरानंतर मॉनिटर स्टँडबायमध्ये गेला की ते आपोआप व्हायला हवं, म्हणजे आकडा काही शेकड्यांत असायला हवा होता. विचारल्यावर उलगडा झाला. आई रोज झोपण्याआधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायची. पीसी बंद, मॉनिटर बंद, बटण बंद. बिचाऱ्या मॉनिटरला ते काम करायला वीजच मिळत नव्हती.

हे क्लीनिंग म्हणजे नेमकं काय, तर मॉनिटर प्रत्येक ठिपक्याची अवस्था मोजतो आणि झिजलेल्याला थोडा जास्त करंट देऊन शेजाऱ्यांच्या बरोबरीला आणतो. झीज भरून निघत नाही, ती झाकली जाते, आणि झाकायलाही एक मर्यादा असते. मी त्याच्या मॉनिटरवर ते चालवलं. रकान्यांच्या ओळी जवळजवळ गेल्या. मधली रेघ फिकी झाली, पण राखाडीवर अजून दिसते. त्याने बाजारासाठी कोपऱ्यात पडलेला जुना आयपीएस काढला आणि ओलेड संध्याकाळनंतरच चालू करायला लागला. आठ महिन्यांनी परत बघितलं तेव्हा रेघ होती तशीच होती, वाढलेली नव्हती.

आता तुमचे तास मांडा. दिवसाला नऊ तास एक्सेल, महिन्याला बावीस दिवस धरले तर वर्षाला २४०० च्या आसपास. वरची रिबन, खालचा टास्कबार, डावीकडचे ओळींचे आकडे, सगळं कायम त्याच जागी. हे ओलेडवर टाकलंत तर त्या ट्रेडरपेक्षा तुमचा भार दीडपट होतो. गेमचे तीन तास, आठवड्यातले सहा दिवस धरले तरी वर्षाला ९५० च्या आत. तेही रोज वेगळ्या गेमचे, हलत्या चित्रांचे. गेममधला नकाशा आणि बंदुकीच्या गोळ्यांचा आकडा कोपऱ्यात स्थिर असतो हे खरं, पण एकच गेम रोज आठ तास खेळणाऱ्याला त्याची जास्त काळजी, तुम्हाला नाही.

म्हणून जुना २४ इंची ठेवा म्हटलं. साडेतीन फुटी टेबल म्हणजे साधारण १०७ सेंटीमीटर. २७ इंची मॉनिटर ६० सेंटीमीटरच्या आसपास रुंद असतो आणि २४ इंची आडवा ५३, दोन्ही मिळून टेबलाबाहेर जातात. पण २४ इंची उभा केला तर त्याला ३० सेंटीमीटरच लागतात. दोन्ही मिळून ९० आणि कडेची पट्टी, बसतं. टेबलाला लावायचा साधा आर्म घ्या. मेल आणि लांबलचक याद्या उभ्या स्क्रीनवर छान दिसतात. रुंद एक्सेल पसरायचं असेल तर आर्मवरून तो आडवा फिरवून पुढे ओढा. आधी एवढं बघून घ्या की मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंची चौकोनी जागा आहे, जुन्या स्वस्त मॉडेलना ती कधीकधी नसते.

असं जमत असेल तर तुमच्यासाठी २७ इंची ओलेड, आणि मी हे बिनधास्त सांगतो. दिवसा तो बंद, रात्री चालू. अक्षरांचाही एक प्रश्न त्यातून सुटतो. ओलेडमधल्या लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची मांडणी विंडोज अक्षरं रेखताना गृहीत धरतं तशी नसते, त्यामुळे १४४०पीवर काळ्या अक्षरांना बारीक रंगीत कड दिसते. गेममध्ये ती कळत नाही, नऊ तास आकडे वाचताना कळते.

ओलेड आणलात तर एवढं पाळा. भिंतीवरचं बटण बंद करू नका आणि घरात सगळ्यांना तसं सांगा, हवं तर बोर्डावर चिकटपट्टी लावा. डेस्कटॉपचा ब्राइटनेस खाली ठेवा, पूर्ण उजेड एचडीआर गेमपुरता. टास्कबार आपोआप लपेल असं करा आणि पाच मिनिटांत स्क्रीन बंद होईल असं सेटिंग ठेवा. फर्निचरवाल्याने केलेल्या बंद कप्प्यात मॉनिटर बसवू नका, मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत मागून गरम हवा निघायला जागा हवी. आणि गडद दृश्यात किंवा लोडिंगच्या वेळी स्क्रीन लुकलुकल्यासारखी वाटली तर घाबरू नका. फ्रेमरेट एकदम वरखाली झाला की व्हीआरआरमुळे, म्हणजे फ्रेमरेटप्रमाणे रिफ्रेशरेट बदलत ठेवण्याच्या सोयीमुळे, ओलेडवर, आणि व्हीएवरही, असं होतं. फ्रेमरेटला तुमच्या कार्डाला सतत झेपेल एवढी मर्यादा घातली की बरंच कमी होतं.

दोन मॉनिटर अजिबात शक्यच नसतील तर ओलेड घेऊ नका. मग वेगवान आयपीएस घ्या, आणि बजेट वर जात असेल तर मिनी-एलईडी. मिनी-एलईडीत एलसीडीच्या मागचा दिवा शेकडो तुकड्यांत विभागलेला असतो आणि गडद भागामागचे तुकडे मंद केले जातात. काळा खूप सुधारतो, बर्न-इनची चिंता नाही, नऊ तास एक्सेल निर्धास्त चालेल. पण तारांकित आकाशात प्रत्येक ताऱ्याभोवती थोडं तेज पसरलेलं दिसेल, कारण तुकडा ठिपक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. वेगही पुढच्या पॅनेलचाच राहतो, म्हणून तो व्हीएवर बसवलेला असेल तर ओघळ आलाच. आयपीएसवरचा घ्या आणि कामाच्या वेळी ते दिवे मंद करण्याचं सेटिंग बंद ठेवा, नाहीतर माउस फिरवताना पांढरा हलल्यासारखा दिसतो.

दुकानात जाताना फोन चार्ज करून न्या. त्यांच्या पीसीवर testufo.com उघडायला सांगा, मॉनिटरचा रिफ्रेशरेट खरंच वर लावलाय का ते आधी तपासा, कारण बरेच डेमो पीस ६० वरच चालत असतात. पार्श्वभूमी गडद करून स्लो-मोशनमध्ये चित्रण करा आणि तिथेच फ्रेम मोजा. डेमोचाच ओलेड स्वस्तात देतो म्हणाले तर पूर्ण स्क्रीनवर मध्यम राखाडी लावून बघा. तो महिनोन्‌महिने दिवसभर एकच जाहिरात दाखवत उभा असू शकतो, आणि त्या जाहिरातीतला लोगो तुम्हाला तिथे कोपऱ्यात सापडू शकतो. नवा घेत असाल तर बर्न-इन भारतातल्या वॉरंटीत धरलेलं आहे का आणि किती वर्षं, हे कंपनीच्या वॉरंटीच्या कागदावर वाचा. सगळ्या कंपन्या धरत नाहीत, आणि बाहेरून आणलेल्या विनाबिलाच्या पीसला तर काहीच मिळत नाही. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, बिलावर मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या.

कार्ड कोणतं आहे आणि पडदा कसा आहे ते कळवा, मग २४० हर्ट्झ घ्यायचा की कमीत भागेल ते सांगतो.